शब्दचर्चा : एकाच वाक्यात दोन ‘दोष’, आणि मराठीत कॅपिटल अक्षर नाही

रेवती
यंत्र बसवून देण्याच्या एका कंत्राटाचा इंग्रजीवरून मराठी अनुवाद करते आहे आणि सातव्या कलमावर गाडी अडली आहे. व्याख्यांच्या कलमात ‘डिफेक्ट’ हा शब्द मोठ्या डीने दिला आहे. त्याचा अर्थ : यंत्र ताब्यात दिल्यापासून १२ महिन्यांच्या आत लक्षात आलेली, यंत्राच्या तपशीलपत्रकाशी न जुळणारी कोणतीही बाब. मी तिथे ‘दोष’ लिहून मोकळी झाले. सातव्या कलमात मात्र तोच शब्द एका वाक्यात दोनदा येतो, एकदा छोट्या डीने, एकदा मोठ्या. माझं मराठी असं झालंय :

‘ग्राहकाने पुरवलेल्या साहित्यातील दोषामुळे उद्भवलेल्या दोषाची दुरुस्ती कंत्राटदाराने ग्राहकाच्या खर्चाने करावी.’

पहिला दोष रोजच्या बोलण्यातला, दुसरा व्याख्येतला. इंग्रजी वाचणाऱ्याला ते डोळ्यांनी कळतं, मराठी वाचणाऱ्याला कशानं कळावं?

शार्दूल
सोपं आहे की. व्याख्येतला शब्द एकेरी अवतरणचिन्हांत टाका, साधा शब्द तसाच ठेवा. कायद्यांतसुद्धा असंच करतात.

नीलिमा
डिफेक्टला ‘दोष’च का? वैगुण्य, उणीव, खोट, न्यून असे कितीतरी शब्द आहेत. मला तर यंत्रासाठी ‘दोष’ ऐकताना माणसाच्या स्वभावाबद्दल बोलल्यासारखं वाटतं. ‘बिघाड’ घ्या, सगळ्यांना कळेल.

रेवती
नीलिमाताई, शब्द कोणता हा प्रश्न नाहीये, एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे कसे दाखवायचे हा आहे. आणि बिघाड नाही चालणार. यंत्र व्यवस्थित चालतंय पण रंग तपशीलपत्रकातला नाही, तरी या व्याख्येप्रमाणे तो दोषच.

शार्दूल, अवतरणचिन्हं करून पाहिली. ‘दोष’ाची असं टाइप केलं तर तो काना कुठे चिकटावा हे न कळून पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येतं. ‘दोष’ची लिहिलं तर व्याकरण मोडतं. ‘दोषा’ची लिहावं तर व्याख्येत ‘दोषा’ नावाचा शब्दच नाही. आणि ‘जागा’ या व्याख्येतल्या शब्दाचं ‘जागेत’ झालं की चिन्ह कुठे लावणार?

शार्दूल
मग ‘दोष’ याची, ‘जागा’ यामध्ये, असं लिहा. कायद्यात तसंच असतं.

मसुदाकार
शार्दूलचं अर्धं बरोबर आहे. कायद्यात ‘अमुक’ याचा अर्थ तमुक असा आहे, अशी रचना असते ती याच अडचणीमुळे सोयीची पडते. ‘याचा’मुळे विभक्ती बाहेर निघते आणि शब्द मूळ रूपात राहतो. पण ती चिन्हं फक्त व्याख्येच्या कलमात असतात. पुढच्या शंभर कलमांत तो शब्द विनाचिन्ह, सगळे प्रत्यय लागून, मोकळा फिरतो. कुठलाही मराठी अधिनियम उघडून बघा.

आपल्याकडचे इंग्रजी अधिनियमही यासाठी कॅपिटलवर विसंबून नाहीत. संविदा अधिनियम १८७२ चा आहे. त्याच्या कलम २ मध्ये शब्दांच्या व्याख्या आहेत आणि पुढे ते शब्द छोट्या अक्षरांतच येतात. काम होतं ते कलमाच्या पहिल्या ओळीमुळे : संदर्भावरून विरुद्ध उद्देश दिसत नसेल तर हे शब्द या अर्थाने वापरले आहेत. म्हणजे शब्द दिसला की तो व्याख्येतला, हा नियम, आणि साधा अर्थ हा अपवाद. कॅपिटलवाल्या कंत्राटात नियम उलटा असतो. मोठं अक्षर असेल तरच व्याख्या, नाहीतर साधा शब्द. रेवती, तू दुसऱ्या पद्धतीचा कागद पहिल्या पद्धतीच्या भाषेत आणते आहेस, म्हणून अडते आहेस.

रेवती
मग मीही ‘हा शब्द जिथे येईल तिथे हाच अर्थ’ असं वाक्य व्याख्यांच्या वर टाकलं तर?

मसुदाकार
तर सातवं कलम मरेल. करून बघ. पहिला ‘दोष’ही व्याख्येतला धरला, तर ग्राहकाने दिलेल्या पत्र्यातला दोषसुद्धा यंत्राच्या तपशीलपत्रकावर मोजावा लागेल. पत्रकात त्या पत्र्याबद्दल काहीच नसेल तर पत्र्यात दोष असूच शकत नाही, आणि कंत्राटदाराला दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करावी लागेल. आता उलट कर, दोन्ही साधे धर. मग तीन वर्षांनी पत्रा गंजून यंत्र अडलं तरी कंत्राटदाराने यायला हवं. खर्च ग्राहकाचा, पण बांधिलकी कंत्राटदाराची, आणि त्याने तर १२ महिनेच कबूल केले होते. एका डीवर एवढं टांगलेलं आहे.

‘संदर्भाने दुसरा अर्थ निघत नसेल तर’ असं जोडलंस तरी इथला संदर्भ काय सांगतो यावर दोन वकील दोन दिवस बोलू शकतील.

दत्ताकाका
मी आयुष्यभर दस्त लिहिले. आमच्या खरेदीखतात कॅपिटल कधी नव्हतं आणि अडलंही नाही. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. हे शब्द दस्ताबाहेर कोण बोलतं? त्यामुळे दिसले की ते पक्षकारच. प्रत्यय लावा, ‘लिहून देणार यांनी’, काही बिघडत नाही.

फसलो ते ‘सदर मिळकत’मध्ये. एका दस्तात दोन मिळकती होत्या, एक विकायची आणि एक तिच्यापर्यंत जायच्या रस्त्याची. पहिल्या पानावर विकायची मिळकत ‘सदर मिळकत’ म्हणून ठरवली. चौथ्या पानावर रस्त्याच्या जमिनीचं वर्णन आलं आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात मी सवयीने ‘सदर मिळकतीवर कोणताही बोजा नाही’ लिहून गेलो. आता बोजा नाही तो कशावर? व्याख्या म्हणते पहिलीवर, भाषा म्हणते नुकतंच वर्णन केलं तिच्यावर. शेवटी चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागला. सगळ्यांची पुन्हा जमवाजमव, आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मसुदाकार
काकांनी दोन्ही बाजू एकदम दाखवल्या. ‘लिहून देणार’ हा शब्द स्वतःच कॅपिटलचं काम करतो, कारण त्याला दुसरा अर्थ नाही. ‘सदर’ला तो कायमच असतो, मागे जे काही असेल त्याच्याकडे बोट दाखवणं.

संविदा अधिनियमाच्या मराठीतही असंच झालंय. रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच करार म्हणतो. कायद्याला दोन पायऱ्या वेगळ्या हव्या होत्या, तेव्हा पहिल्या पायरीला करार ठेवला आणि कायद्याने अंमलात आणता येणाऱ्या कराराला ‘संविदा’ हा वेगळा शब्द दिला. चिन्ह नाही, ठळक अक्षर नाही. संविदा वाचलं की माणूस थांबतो आणि व्याख्या शोधतो. कॅपिटलही तेवढंच करतं.

म्हणून माझं मत, दोषाला कसलंही चिन्ह लावू नकोस, त्याचं नाव बदल. ‘हमीदोष’ कर. हमीच्या काळात सापडलेला तो हमीदोष. मग वाक्य असं : ‘ग्राहकाने पुरवलेल्या साहित्यातील दोषामुळे उद्भवलेल्या हमीदोषाची दुरुस्ती कंत्राटदाराने ग्राहकाच्या खर्चाने करावी.’ प्रत्यय सुखाने लागतो. शिवाय शेवटी तपासताना ‘हमीदोष’ शोधलं की नेमक्या त्याच जागा सापडतात. नुसतं ‘दोष’ शोधलंस तर दोषी, निर्दोष, सदोष सगळे समोर येतील.

शार्दूल
एवढा खटाटोप करण्यापेक्षा ठळक अक्षर वापरा. आख्खा शब्द प्रत्ययासकट ठळक. वर्तुळाची भानगड नाही.

रेवती
ते पहिल्याच दिवशी केलं होतं. ग्राहकाकडून मजकूर मेलमध्ये चिकटवून परत आला तेव्हा एकही अक्षर ठळक उरलं नव्हतं. इंग्रजी प्रतीतली मोठी अक्षरं मात्र जागच्या जागी. कॅपिटल हे अक्षरच आहे, ठळकपणा नुसता पोशाख.

मसुदाकार
चिन्हच हवं असेल तर ते शब्दाच्या सुरुवातीला लाव, शेवटी नको. मराठीत बदल सगळा शेपटाकडे होतो, डोकं बहुधा शाबूत राहतं. ऑस्ट्रेलियाच्या १९९७ च्या आयकर कायद्यात व्याख्या केलेल्या बऱ्याच शब्दांच्या सुरुवातीला तारांकन असतं. हाताशी कॅपिटल असून त्यांनी तारा घेतला. एका पोटकलमात शब्द पहिल्यांदा आला की तारा, मग त्याच पोटकलमात सहसा पुन्हा नाही, आणि फार वापरातल्या काही शब्दांना तर लावतच नाहीत. तुला मात्र ती शेवटची सूट घेता येणार नाही, एकाच वाक्यात दोन दोष आहेत. ‘*दोषाची’ असं लिहिता येतं, चिकटवल्यावर पुसलंही जात नाही. फक्त वाचणारा तारा बघून पानाच्या तळाशी टीप शोधायला जातो, म्हणून ताऱ्याचा अर्थ व्याख्यांच्या कलमातच एका वाक्यात सांगावा लागेल.

नीलिमा
मी उगाच बोलले म्हणून गप्प होते, पण आता एक विचारते. व्याख्येतल्याला ‘दोष’च ठेवा आणि साहित्याचं म्हणताना ‘खोट’ लिहा. ‘साहित्यातील खोटीमुळे उद्भवलेल्या दोषाची’. नवा शब्द घडवायलाच नको.

मसुदाकार
हे या एका वाक्यात अगदी चपखल बसतं, मला सुचलं नव्हतं. भीती एवढीच की मग संपूर्ण कंत्राटात साधा ‘दोष’ लिहायला बंदी. रेवती पाळेल, पण पुढच्या वर्षी कुणीतरी पुरवणी करार लिहील आणि सहज ‘दोष’ लिहून जाईल. साधा शब्द अडवून ठेवला की तो निसटतोच.

दत्ताकाका
आणि हमीदोष? कंत्राटात बँकेची हमीही असते ना? हमीत दोष, म्हणजे हमीपत्रात चूक, असं मी तरी वाचलं असतं.

रेवती
आहे, बँक हमी नवव्या कलमात आहे. काकांनी पाचर मारली. मग ‘यंत्रदोष’?

मसुदाकार
काकांचा मुद्दा मान्य. ‘यंत्रदोष’ मात्र मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो फार सहज कळतो. तीन वर्षांनी यंत्र अडलं तर कुणीही म्हणेल हा यंत्रदोषच, आणि १२ महिन्यांची व्याख्या उघडून बघणार नाही. शब्द थोडा अनोळखी असला तरच वाचणारा व्याख्येकडे वळतो.

दत्ताकाका
पण फार अनोळखी झाला तर सही करणारा काही न वाचताच सही करतो, हेही पाहिलंय मी.

रेवती
ग्राहकाला दोन मसुदे पाठवलेत. एकात ‘हमीदोष’, त्यात नवव्या कलमातल्या बँक हमीचं नाव ‘बँकेचे हमीपत्र’ असं बदलून. दुसऱ्यात नीलिमाताईंची ‘खोट’. त्यांच्या अभियंत्याचा आत्ताच फोन येऊन गेला. तो म्हणतो, कामावर सगळे ‘दोष दायित्व कालावधी’ म्हणतात, हा शब्द कुठे गेला? तो तर मी दोन्ही मसुद्यांत ‘हमी कालावधी’ करून टाकलाय. आता तो परत आणायचा तर पहिल्या मसुद्यात ‘हमीदोष दायित्व कालावधी’ होतं. उच्चारून बघा.