मदत हवी आहे: लंबदुभाजकाचं समीकरण मध्यबिंदूने जुळतं, तरी उत्तर चुकतंय

अकरावी_विज्ञान
A(-3, 4) आणि B(5, -2) ही रेषाखंडाची टोकं दिली आहेत. लंबदुभाजकाचं समीकरण काढायचं आहे. मध्यबिंदू (1, 1) आला. AB चा चढ -6/8, म्हणजे -3/4. तो उलटा करून -4/3 घेतला आणि 4x + 3y - 7 = 0 मिळालं. मध्यबिंदू घालून पाहिला, 4 + 3 - 7 = 0, बरोबर जुळतं. पण पुस्तकात मागे उत्तर 4x - 3y - 1 = 0 दिलंय. पुस्तकात छपाईची चूक आहे का?

रेघोट्या
छपाईची चूक नाही. चढ उलटा केलात, पण चिन्ह बदललं नाही. -3/4 चा उलटा आणि विरुद्ध चिन्हाचा म्हणजे 4/3. दोन चढांचा गुणाकार -1 यायला हवा, तुमचा +1 येतोय. हे नियमाने करत गेलात की कधीच अडणार नाही, कुठलेही दोन बिंदू असोत.

कर्ण
पहिला भाग बरोबर, पण "कुठलेही दोन बिंदू" हे मान्य नाही. (2, 5) आणि (8, 5) घ्या. AB चा चढ 0 येतो आणि -1/0 ला अर्थ नाही. लंबदुभाजक मात्र आहेच, x = 5 ही उभी रेषा. टोकांचे y सारखे असतील तर चढाच्या वाटेला जाऊच नये.

आता मूळ शंका. मध्यबिंदू घालून पाहिल्याने चूक सापडत नाही, कारण (1, 1) मधून जाणारी कुठलीही रेषा ती परीक्षा पास होते. तुम्ही रेषा त्याच बिंदूतून काढली, तेव्हा तो जुळणारच. खरी परीक्षा रेषेवरचा दुसरा एखादा बिंदू घेऊन होते. तुमच्या रेषेवर (4, -3) आहे. त्याचं A पासूनच्या अंतराचं वर्ग 49 + 49 = 98, B पासून 1 + 1 = 2. पुस्तकातल्या रेषेवर (4, 5) आहे. तिथे A पासून 49 + 1 = 50 आणि B पासून 1 + 49 = 50. मध्यबिंदू सोडून एकच बिंदू असा जुळला की रेषा पक्की.

याच गोष्टीवरून समीकरणही थेट निघतं. P(x, y) हा A आणि B पासून सारख्या अंतरावर आहे असं लिहा:

(x + 3)² + (y - 4)² = (x - 5)² + (y + 2)²

कंस सोडवले की x² आणि y² दोन्ही बाजूंनी उडून जातात. उरतं 16x - 12y - 4 = 0, चारने भागून 4x - 3y - 1 = 0. यात चढ नाही, भागाकार नाही, त्यामुळे आडव्या रेषाखंडालाही हीच रीत चालते. चूक होते ती (y + 2)² मध्ये: B चा y ऋण आहे, म्हणून y - (-2) चं अधिक होतं, आणि घाईत ते वजा राहतं.

चौकोनी_वही
प्रश्न x-अक्षावरचा समदूर बिंदू काढायचा आहे ना? मग y = 0 ठेवा, x = 1/4 येतो. आमच्याकडे असंच विचारतात.

कर्ण
इथे पूर्ण रेषा मागितली आहे. तुमचा (1/4, 0) हा तिच्यावरचाच एक बिंदू, त्यामुळे ताळा म्हणून चांगला. दोन्ही वर्ग 425/16 येतात.

आलेख_प्रेमी
माझं वेगळंच झालंय. 4x - 3y - 1 = 0 आलेखकागदावर काढली, पण AB शी काटकोन दिसत नाही. x-अक्षावर 1 सेमी = 1 एकक, y-अक्षावर 1 सेमी = 2 एकक घेतलंय.

रेघोट्या
प्रमाण वेगळं घेतल्यानेच. कागदावर AB चा चढ -3/8 आणि दुभाजकाचा 2/3 दिसतो, गुणाकार -1/4. दोन्ही अक्षांवर सारखं प्रमाण घ्या, काटकोन दिसेल. आणि उभ्या-आडव्या रेषांबद्दल कर्ण यांचं बरोबर आहे, माझं विधान मागे घेतो.

अकरावी_विज्ञान
चिन्हाचं कळलं. समदूर रीतीने परत सोडवलं, तेच उत्तर आलं. पण प्रश्नात "चढाचा उपयोग करून" लिहिलं असेल तर या रीतीला पूर्ण गुण मिळतात का?

रेघोट्या
माझ्या मते नाही, मागितलेली रीतच दाखवावी.

कर्ण
मला वाटतं उत्तर सिद्ध होत असेल तर गुण कापू नयेत, पण तपासणारे एकसारखं वागत नाहीत. तेवढे शब्द प्रश्नात असतील तर चढाने सोडवा आणि समदूर बिंदूने ताळा करा.