मदत हवी आहे: काका-मामांचे पैसे यूके विद्यार्थी व्हिसासाठी कसे दाखवावेत?

नमस्कार. आम्ही नाशिकचे असून मुलगी सप्टेंबरमध्ये यूकेला एमएस्सीसाठी जाणार आहे. खर्चातील १२ लाख आमचे, ८ लाख माझ्या धाकट्या भावाचे आणि ५ लाख तिच्या मामांचे आहेत. नियमानुसार विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातील रक्कमच ग्राह्य धरतात, म्हणून काका-मामांची केवळ हमीपत्रे जोडून भागणार नाही, हे समजले आहे.

भावाने मुदत ठेव मोडून पैसे माझ्या बचत खात्यात भरले. मामांचे मात्र द्राक्षांचे पैसे आल्यावरच मिळतील. पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि शेवटची नोंद अर्जाच्या दिवशी ३१ दिवसांहून जुनी नको, त्यामुळे मोजणी मामांच्या रकमेपासूनच सुरू होईल, असे मला वाटते. मधल्या काळात त्या खात्यातून गृहकर्जाचा हप्ता कापला जाऊन शिल्लक खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून हप्ता दुसऱ्या खात्यावर वळवला आहे.

मामांची रक्कम थेट मुलीच्या खात्यात घेऊन दोन्ही खात्यांची विवरणे एकत्र जोडलेली चालतात का? माझे संमतीपत्र व तिचा जन्मदाखला देणारच आहोत. शिवाय या मोठ्या जमांसाठी नोटरी केलेले बक्षीसपत्र कोणाला मागितले गेले होते का? अलीकडे अर्ज केलेल्यांनी कृपया सांगावे.