आईला 'स्वतःसाठी वेळ' भेट द्यायचाय, पण ती तो घेईल का?

मधला_मुलगा:
आई पुढच्या महिन्यात ५८ची होईल. आजवर दिलेली प्रत्येक भेट फिरून घराच्याच कामी आली. पर्स दिली, ती ताईकडे गेली. पैसे दिले, त्यातून पडदे आले. या वेळी तीन महिन्यांचा चित्रकलेचा क्लास लावून द्यावा म्हणतोय, दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास. कॉलेजात असताना ती छान चित्रं काढायची. ताई म्हणते, जाणार नाही, पैसे पाण्यात. काय दिलं तर ती खरंच स्वतःकडे बघेल?

सडेतोड:
ताई बरोबर बोलतेय. आम्ही दोघा भावांनी आईला चार दिवसांच्या सहलीला पाठवलं होतं, एकटीला, सगळं आयतं. दिवसातून तीनदा फोन करून आमचंच विचारायची, आणि चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी दारात हजर. तिला घरातच बरं वाटतं हो. कुटुंबाचं करणं हाच काही जणींचा छंद असतो. त्यांना 'सुधारायला' निघणारे आपण कोण? जे आवडतं ते द्या आणि गप्प बसा.

हौशी_गवंडी:
डिशवॉशर घ्या. आमच्याकडे घेतला तेव्हापासून भांड्यांवरून भांडण नाही. जागा कमी असेल तर ओट्यावर मावणारे छोटेही मिळतात, फक्त नळाचा जोड आधी बघून घ्या.

मधला_मुलगा:
@हौशी_गवंडी, काका, तो घरासाठी झाला ना. मी तिच्यासाठी विचारतोय.

हौशी_गवंडी:
भांडी कोण घासतं घरी?

मधला_मुलगा:
…आई.

चटकन_सांगते:
सोप्पं आहे. लोक लांब मुदतीचं कुपन वापरतच नाहीत, यावर संशोधनही झालंय. तीन महिन्यांचा क्लास घेऊच नकोस. एका महिन्याचा घे, पैसे परत मिळत नाहीत असं आधीच सांग. पैसे वाया जातील या धाकाने झक मारत जाईल. आयांना हे बरोबर लागू पडतं.

तळटीप:
@चटकन_सांगते, संशोधन खरं आहे, पण इथे ते अर्धंच बसतं. सुझन शू आणि आयेलेट ग्नीझी यांनी २०१०मध्ये ते छापलं. सारखंच कुपन दोन गटांना दिलं, एकाला ३ आठवड्यांची मुदत, दुसऱ्याला २ महिन्यांची. वापरू अशी खात्री जास्त मुदतवाल्यांना अधिक होती, आणि प्रत्यक्षात वापरलं कमी मुदतवाल्यांनी जास्त. पण ही माणसं 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून टाळणारी होती. त्यांच्या आड आळस होता. आईच्या आड सहा वाजताची आजीची गोळी असते. मुदत कमी केल्याने गोळीची वेळ बदलत नाही. उलट 'पैसे वाया जातील' हे तिच्या डोक्यावरचं आणखी एक काम होतं. ती जाईलही, पण घरच्यांचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून जाईल. म्हणजे पुन्हा घरासाठीच.

मधल्या मुला, आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही आईला पोहण्याचा वर्षाचा पास दिला होता. दोनदा गेली. पोहायचा चष्मा कपाटातच पडून होता, काचेवरचं प्लास्टिकही न काढलेला. आधी आम्हीही 'तिलाच नको असतं' म्हणालो. मग मी आठवडाभर फक्त एवढंच पाहिलं, की तिच्या मंगळवारच्या पोहण्याच्या वेळी, म्हणजे पाच ते सात, रोज घरातलं काय काय तिच्यापर्यंत येतं. आजीची गोळी, धाकट्याला शिकवणीहून आणणं, रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी. आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी "आई, ते कुठे आहे गं?"

मी गोळीची जबाबदारी घेतली. दोन आठवडे मजेत गेले. तिसऱ्या मंगळवारी ती पोहायला निघाली आणि दारातूनच वळून म्हणाली, "पाकीट बघ, आज शेवटची असेल." पाहिलं तर खरंच एकच गोळी उरली होती. गोळी देणं मी घेतलं होतं, गोळ्या संपत आल्यात हे बघणं तिच्याकडेच राहिलं होतं. तलावात उतरल्यावरही डोक्यात गोळ्याच मोजत असणार. मग पाकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं माझ्या खणात आणलं. नंतर एकदा तपासणीची तारीख माझ्या हातून चुकली. तिला माहीत होती, तरी ती बोलली नाही आणि धावलीही नाही. पुढची वेळ मी घेतली. त्यानंतर तिने गोळ्यांबद्दल विचारणं बंद केलं. याला साधारण दोन महिने लागले.

तेव्हा क्लास लावायचा तर लाव, पण भेट क्लासची नाही. गुरुवारचे ते दोन तास घरात कोण आणि कशाकशासकट सांभाळणार, ती भेट. 'मी मदत करेन' म्हणू नकोस. मदत करणाऱ्याला काम सांगावं लागतं, आणि सांगायचं तर आधी तिलाच आठवावं लागतं.

सडेतोड:
छान निबंध. पण तुमच्या आईला पोहायचं होतंच असं धरून चाललात. माझ्या आईला खरंच घर आवडतं, त्याचं काय?

तळटीप:
आवडत असेल, मी नाही म्हणत नाही. ती तीनदा फोन करून काय विचारायची ते आठवतंय का? 'कसे आहात' की 'अमुक झालं का, तमुक दिलं का'?

सडेतोड:
दुसरंच, बहुतेक. पण त्यातच तिचा जीव असतो. तुम्ही म्हणता तसं सगळं काढून घेतलं तर रिकाम्या हातांनी ती करणार काय? घरात आपली गरज उरली नाही असं वाटून खचलेल्या बायका मी पाहिल्यात.

खिडकीपाशी:
इतका वेळ वाचतेय, आता राहवेना. मी स्वतः तीन मुलांची आई, ६१ वर्षांची. इथे सगळे आईला कुठे पाठवायचं यावर भांडताय. सहल, तलाव, क्लास. माझ्या मुलांनीही मला असंच बाहेर पाठवलं. बाहेर जायचं म्हणजे तयार व्हा, वेळ गाठा, अनोळखी लोकांत हसऱ्या चेहऱ्याने बसा, आणि आल्यावर "मजा आली का?" याचं उत्तर द्या. तेही उत्साहाने, कारण पैसे त्यांनी भरलेत.

मला बाहेर जायचंच नाही. तुम्ही जा ना! मला माझं घर हवंय, रिकामं. शेवटची घरात एकटी कधी होते ते आठवायला बसले, तर नळ दुरुस्तीला माणूस येणार होता म्हणून थांबले होते तो दिवस आठवला. तो दोन तास उशिरा आला. ते दोन तास मी पंखा लावून पलंगावर आडवी पडले होते, एक जुनी वही चाळत. कुणी हाक मारणार नव्हतं. माझ्या मते मला मिळालेली सगळ्यात चांगली भेट त्या नळवाल्याने दिली.

म्हणून सडेतोड, तुमची आई लवकर परत आली यात नवल नाही. तिला घर आवडतच असेल. पण घर आवडणं वेगळं आणि घरात कायम कामावर असणं वेगळं.

चटकन_सांगते:
ताई, नळवाला 😂 पण खरंच, हे सुचलंच नव्हतं.

सडेतोड:
@खिडकीपाशी, घर आवडणं वेगळं, हे मान्य. बाकीचं नाही. माझी आई रिकाम्या घरात कपाटं आवरत बसेल.

खिडकीपाशी:
पहिल्या दोन वेळा मीही आवरली. आवरू दे.

तळटीप:
@खिडकीपाशी, तुमचं वाचून माझाही विचार थोडा हलला. आमच्या आईला पोहणं आवडलं म्हणून मी बाहेरचंच धरून बसलो होतो. मधल्या मुला, चित्रकला कॉलेजातली आहे, म्हणजे ३५-४० वर्षं झाली. तेव्हाची आवड आजही तीच असेल असं नाही. विचारून घे. पण "तुला काय हवंय?" असं नको. त्याचं उत्तर 'काही नको' हेच येतं. "गुरुवारी सहा ते आठ घर आमच्याकडे आहे. तू बाहेर जाणार, की आम्ही जाऊ?" असं विचार. 'नको' हा पर्यायच ठेवू नकोस.

आणि एक गोष्ट बघत राहा. बुधवारी रात्री ती उशिरापर्यंत स्वयंपाकघरात असेल, तर काम कमी झालेलं नाही, फक्त अलीकडे सरकलंय.

मधला_मुलगा:
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. वाढदिवस झाला. क्लासचे पैसे अजून भरलेले नाहीत. तळटीपदादांनी सांगितलं तसंच विचारलं. आई आधी हसली. मग म्हणाली, "तुम्ही जा. पण जेवूनच या." म्हणजे खिडकीपाशी काकू जिंकल्या.

काल पहिला गुरुवार. बाबा, मी, ताई आणि तिचा मुलगा असे पावणेसहाला निघालो. सव्वासातला बाबांनी तिला फोन लावला, गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे विचारायला! किल्लीची तेव्हा गरजही नव्हती. ताईने फोन काढून घेतला. आठला परतलो तर आई गॅलरीत बसली होती, दिवा न लावता. काय केलंस विचारलं, तर म्हणाली, "काही नाही."

ताईला हे 'काही नाही' ऐकून काळजी वाटतेय. मला बरं वाटलं. पण बुधवारी रात्री साडेअकरापर्यंत स्वयंपाकघरातला दिवा चालू होता, आणि सकाळी बघितलं तर गुरुवार रात्रीचं जेवण डब्यांत भरून तयार. आम्ही बाहेर जेवणार होतो हे माहीत असूनही.

सडेतोड:
बघा.

तळटीप:
पुढच्या बुधवारी रात्रीचा ओटा तू घे. आणि बाबांचा फोन घरीच ठेवा.

हौशी_गवंडी:
त्या डब्यांची भांडी कोणी घासली?