शब्दचर्चा : ‘टोटल फुटबॉल’ला मराठीत काय म्हणायचं?

दुपारची_चाळण
दिवाळी अंकासाठी सत्तरच्या दशकातल्या डच फुटबॉलवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘टोटल फुटबॉल’ला मी ‘सर्वंकष फुटबॉल’ केलं होतं. संपादकांनी समासात लिहिलं, “हा खेळ आहे की युद्ध?” त्यांचं म्हणणं, सर्वंकष म्हटलं की पुढे युद्ध नाहीतर सत्ताच येते. ते एक वेळ निस्तरेन. खरं अडलंय ते पुढच्या वाक्यात : ‘खेळाडू आपली जागा सोडून जागा निर्माण करतो आणि त्याची जागा दुसरा घेतो.’ मुळात पहिल्या आणि तिसऱ्या ‘जागे’ला एक शब्द आहे, मधल्या ‘जागे’ला वेगळा. मराठीत तिन्ही एकच झाल्या. काय करू?

शब्दकोडगा
सर्वंकष बिनधास्त ठेवा. ‘सर्वं कषति’, जे सगळ्याला घासून जातं ते. कष म्हणजे कसोटीचा दगडसुद्धा. मल्लिनाथाने शिशुपालवधावरच्या टीकेचं नाव ‘सर्वंकषा’ ठेवलं, तो काही तलवार घेऊन निघाला नव्हता. संपादकांना सांगा, वर्तमानपत्रं सोडून इतरही वाचत जा. आणि जागेला ‘स्थान’ लिहा, विषय संपला.

रेघोट्या
@शब्दकोडगा, शिशुपालवधाच्या शेवटी काय होतं हो? संपादकांचा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

गोलपोस्टमागे
क्रिकेटमध्ये तयार शब्द आहे की : अष्टपैलू! टोटल फुटबॉल म्हणजे प्रत्येकाला सगळं आलं पाहिजे. बचावपटूने गोल मारायचा, आघाडीवीराने बचाव करायचा. अष्टपैलू फुटबॉल. सुटसुटीत.

स्टॉपर_५
अष्टपैलू निम्मं बरोबर आहे. खेळाडू तसे लागतात हे खरं, पण नुसते तसे अकरा जमवले तर गोंधळ होतो. कोण कुठेही पळतोय असं ते दिसतं, तसं ते नव्हतं. प्रशिक्षक रिनस मिशेल्सने घडवलेल्या आयाक्स या डच क्लबचं बघा. उजव्या बाजूला मागे शूर्बिअर, मध्ये हान, पुढे स्वार्ट. डावीकडे क्रोल, म्यूरेन, कायझर. अदलाबदल व्हायची ती बहुतेक याच उभ्या ओळींत. शूर्बिअर चेंडू घेऊन पुढे सुटला की हान मागे सरकायचा आणि वेळ पडली तर स्वार्ट मध्ये यायचा. मैदान आडवं ओलांडून उजव्याने डावीकडे जायचं, हे क्वचित. कारण साधं आहे. ओळीतला माणूस जवळ असतो, त्याला रिकामी झालेली जागा समोर दिसते आणि धाव कमी पडते. सत्तर मीटर पुढे गेलेल्याला तेवढंच मागे पळत यायला लावलं तर अर्ध्या तासात तो संपतो. म्हणून त्याने यायचंच नाही, दुसऱ्याने भरायची.

म्हणजे मांडणी जागच्या जागी राहते, माणसं बदलतात. तुमच्या वाक्याचं मर्म तिथे आहे. पहिली आणि तिसरी ‘जागा’ मांडणीतली आहे, मधली ‘जागा’ म्हणजे नुसतं मोकळं मैदान.

पाट्यावरचा
हा तर खो-खो झाला! खो देणारा बसतो, घेणारा उठतो, पाटी रिकामी राहत नाही. वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, आपल्याकडून नेलं.

स्टॉपर_५
ऐकायला गोड आहे, पण खो-खोत उठायचं कधी हे कुणीतरी पाठीमागून सांगतो. इथे कुणी सांगत नाही. शिवाय खो-खोत समोरच्या संघाला तुमच्या बसण्याने फरक पडत नाही, इथे सगळा डावच तो आहे. आपण हललो की आपल्यावर लक्ष ठेवणारा हलतो, आणि तो हलला की त्याच्या पाठीमागे मोकळं मैदान पडतं.

डाइकवरून
मी गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. इथे शब्द ‘टोटाल-फुटबाल’ असा एकत्रच. आणि तुमची मधली जागा म्हणजे ‘राउम्टे’. हा शब्द इथे घराच्या खोल्यांपासून पार्किंगपर्यंत कुठेही येतो, काही खास खेळातला नाही. तेव्हा मराठीतही साधाच शब्द हवा. ‘अवकाश’ वगैरे लिहू नका, वाचणारा रॉकेट शोधेल.

शब्दकोडगा
अवकाश हा अत्यंत नेमका शब्द आहे. रॉकेटवाल्यांनी पळवला म्हणून आम्ही सोडायचा का?

गोलपोस्टमागे
पाट्यावरचा यांचं ‘वलंदेज’ आवडलं. ‘वलंदेजी फुटबॉल’ करून टाका! नाव ठसकेबाज, आणि मालक कोण हेही कळतं.

स्टॉपर_५
मालकीच वादात आहे ना. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं. तेव्हा शर्टावरचा आकडा म्हणजे जागा, असंच धरलेलं. नऊ नंबर सर्वांत पुढे उभा राहणार, आणि पाच नंबर त्याला धरणार. हंगेरीचा नऊ नंबर हिदेगकुटी पुढे थांबलाच नाही, मधल्या फळीत मागे आला. इंग्लंडचा पाच नंबर हॅरी जॉन्स्टन कात्रीत सापडला. पाठोपाठ जावं तर बचावाच्या मधोमध भगदाड, आणि पुश्कास, कोचिश त्यात शिरायला टपलेले. न जावं तर हिदेगकुटी मोकळा. त्या दिवशी हिदेगकुटीने एकट्याने तीन गोल केले, पहिला तर पहिल्याच मिनिटात. जॉन्स्टन काही कच्चा खेळाडू नव्हता. त्याला जे शिकवलं होतं त्यात या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

फरक एवढाच, की हंगेरीकडे ही हालचाल मुख्यतः ठरावीक काही जणांची होती. डचांनी ती पार मागच्या बॅकपर्यंत नेली. १९७४ च्या विश्वचषकात तर त्यांनी शर्टाचे नंबर आडनावांच्या अक्षरक्रमाने दिले. आघाडीवीर खेल्सला १ नंबर, गोलरक्षक योंगब्लूडला ८. क्रॉयफ तेवढा अपवाद, त्याने आपला १४ सोडला नाही.

मंगळवारातली_आई
मला वेगळंच विचारायचंय. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात बॅक खेळतो. चेंडू मिळाला की घेऊन पुढे जातो. प्रशिक्षक ओरडतात, “पोझिशन सोडू नको!” गेल्या सामन्यात त्याच्या जागेवरून गोल झाला आणि सगळं याच्यावर ढकललं. तुम्ही म्हणता तसं असेल तर चूक कुणाची?

पेठेतला_हाफ
ताई, कोल्हापुरात आम्ही हेच ऐकत मोठं झालो. “बॅक हाय न्हवं तू? मग माग ऱ्हा!” स्टेडियमातली आख्खी गॅलरी सांगायची. पण खरं सांगू का, गॅलरी चुकत नव्हती. बॅक गेला आणि हाफ बघत उभा राहिला तर गोल बसणारच.

स्टॉपर_५
हाफ यांनी नेमकं धरलं. बॅक पुढे जाणं हा अर्धा भाग. तो गेलाय हे पाहून दुसऱ्याने त्याच क्षणी सरकणं हा उरलेला अर्धा, आणि तो अवघड. आयाक्सची पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळत होती, म्हणून न बोलता जमायचं. बारा वर्षांच्या संघात आधी एकाच बाजूचे तिघे घ्यावेत आणि एकच नियम लावावा : मागचा पुढे गेला की मी त्याच्या जागी, मग चेंडू कुठेही असो. आणि बिघडलंय हे ओळखायचं असेल तर चेंडूकडे बघू नका. आपल्या बॅकच्या पाठीमागचं गवत बघा. तिथे प्रतिस्पर्धी उभा आहे आणि आपला कुणी तिकडे वळलेलाही नाही, म्हणजे साखळी तुटली.

रेघोट्या
इतकं पक्कं होतं तर १९७४ ची फायनल हरले कशाला?

स्टॉपर_५
त्या फायनलमध्ये दोन्ही बाजू दिसतात. म्युनिक, ७ जुलै. सुरुवात डचांची. पंधराएक पास झाले, जर्मनांचा पाय चेंडूला लागला नाही. क्रॉयफ, म्हणजे कागदावरचा सेंटर फॉरवर्ड, मागे येत येत मधल्या वर्तुळापर्यंत आला, इतका की त्याच्यामागे फक्त गोलरक्षक. त्याला धरायला नेमलेला फोग्ट्स साहजिकच तिथवर आला. फोग्ट्स मुळात बॅक, आणि तो आता मैदानाच्या मध्यावर. क्रॉयफने तिथून वेग घेतला, फोग्ट्स मागे पडला, पेनल्टी क्षेत्रात होनेसने त्याला पाडलं. नेस्केन्सने पेनल्टी मारली, १-०. जर्मन संघातल्या चेंडूला पहिला स्पर्श करणारा खेळाडू गोलरक्षक मायर, तोही जाळ्यातून काढताना.

आता दुसरी बाजू. जर्मनीने ब्राइटनरच्या पेनल्टीवर बरोबरी केली होती. मध्यंतराच्या जरा आधी बोनहॉफ उजवीकडून हानला चुकवून आत आला, पास म्युलरला, २-१. हा हान तोच, आयाक्सच्या मधल्या फळीतला, या स्पर्धेत बचावाच्या मध्यभागी खेळवलेला. चेंडू आपल्याकडे असताना मागून खेळ उभा करायला तो फार चांगला. पण एकास एक पळणाऱ्याला थोपवायला जन्माचा बचावपटू लागतो. कुणीही कुठेही खेळू शकतो, याची किंमत अशी कुठेतरी वळती होते.

डाइकवरून
इथल्या म्हाताऱ्यांसमोर हे बोलू नका. त्यांच्या मते एक गोल झाल्यावर आपली पोरं मस्तीत आली, जर्मनांना खेळवत बसली, दुसरा गोल करायचं विसरली. हानचं नाव कुणी घेत नाही.

स्टॉपर_५
तेही झालं असेल. पण मस्तीत असो नसो, बोनहॉफसमोर हानच होता.

शब्दकोडगा
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? माझा प्रस्ताव : मांडणीतली ती ‘स्थान’, मैदानातली ती ‘अवकाश’. ‘खेळाडू स्थान सोडून अवकाश निर्माण करतो व त्याचे स्थान दुसरा घेतो.’

पेठेतला_हाफ
हे वाचून माझा बॅक पुढंबी जाणार न्हाई आन् मागंबी. ‘जागा’ आणि ‘मोकळं मैदान’ लिहा की.

गोलपोस्टमागे
आणि टोटलचं काय ठरलं?

दुपारची_चाळण
वाक्य असं केलंय : ‘खेळाडू आपली जागा सोडतो, त्याने पुढे मोकळं मैदान मिळतं, आणि सुटलेली जागा लगेच दुसरा धरतो.’ ‘लगेच’ मुळात नाही, स्टॉपर यांच्यामुळे घातलं. नावाला तूर्त ‘टोटल फुटबॉल’च ठेवलंय, सर्वंकष एकदाच येतं, तेही अवतरणात. संपादकांचा निरोप आलाय, ‘सर्वंकष काढा.’

शब्दकोडगा
अजिबात काढू नका.

पाट्यावरचा
वलंदेज हा शब्द पोर्तुगीजांकडून आला ना? ‘ओलांदेश’ की असंच काहीतरी. मग आपल्याकडे ‘व’ कुठून चिकटला? कुणाला माहीत आहे?

रेघोट्या
याला नवीन धागा काढा. आणि मंगळवारातल्या ताई, मुलाच्या संघात हाफ कोण खेळतो?

मंगळवारातली_आई
प्रशिक्षकांचा मुलगा.