नव्या टीमला ‘काहीही बदलणार नाही’ असं सांगावं का?

नवा_मॅनेजर: बारा वर्षं बॅकएंडमध्ये काढली, सोमवारी आठ जणांच्या टीमचा मॅनेजर म्हणून पहिल्यांदा समोर उभा राहतोय. आधीचा मॅनेजर सहामाहीच्या मधेच गेला, लोक धास्तावलेत. ओळखीचं भाषण असं लिहिलंय: ‘घाबरू नका, काहीही बदलणार नाही. माझं दार कायम उघडं आहे. मीही तुमच्यातलाच इंजिनिअर आहे, तुमच्याबरोबर कोड लिहीन.’ कसं वाटतंय?

जुना_खांब: पहिलं वाक्य आधी काढा. हेच वाक्य ऐकून आमची टीम निर्धास्त झाली होती, म्हणून राग येतो. आमच्या टीममधल्या एका मुलीला जुन्या मॅनेजरनं बढतीचं तोंडी कबूल केलं होतं. नवा आला, ‘काही बदलणार नाही’ म्हणाला, आणि दोन महिन्यांत कॅलिब्रेशन, म्हणजे सगळ्या मॅनेजरांनी मिळून रेटिंग ठरवायची बैठक, लागलं. सगळे मॅनेजर आपापल्या माणसांची बाजू मांडत असताना याच्या हातात त्या मुलीच्या कामाचा एक कागद नव्हता. रेटिंग ‘अपेक्षेप्रमाणे’, बढती गेली. तो खोटं बोलला नव्हता, त्याला माहीतच नव्हतं.

समोर बसलेल्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: या सहामाहीचं माझं रेटिंग कोण देणार आणि कशावरून? त्याचं उत्तर भाषणात द्या. मी असं म्हणेन: ‘पहिले चार आठवडे स्टँडअप, स्प्रिंट, ऑन-कॉलची पाळी यात मी हात घालणार नाही. या आठवड्यात प्रत्येकाशी अर्धा तास स्वतंत्र बोलेन, प्रश्न आदल्या दिवशी पाठवेन. रेटिंग मी देणार आहे, पण आधीच्या सहा महिन्यांची लेखी नोंद मिळवून ती तुम्हाला दाखवेन. टीमचं पुढे काय, हे मला आज माहीत नाही.’

सरळमार्गी: हे भाषण आहे की करारनामा? भेदरलेल्या माणसाला आधी धीर लागतो. ‘मला माहीत नाही’ असं नवा साहेब पहिल्याच दिवशी म्हणाला तर निम्मे लोक त्याच रात्री रेझ्युमे काढतील. उघड्या दाराचं वाक्य राहू द्या.

जुना_खांब: ज्याला साहेबाची भीती वाटते तो उघड्या दारातूनही आत येत नाही. ज्यांना बोलायची सवय आहे तेच येतात, आणि मॅनेजरला वाटतं सगळ्यांशी बोलणं झालं. ठरलेली वेळ दिली की गप्प बसणाराही येतो.

रात्रपाळी: ऑन-कॉलमध्ये चार आठवडे हात घालणार नाही? आमच्याकडे पाळीत दोघंच उरले होते, रात्री दोन-दोनदा पेजर वाजायचा. नवा मॅनेजर ‘सध्या फक्त ऐकतोय’ म्हणत राहिला. माझा जोडीदार सोडून गेला तेव्हा त्याचं ऐकणं संपलं.

जुना_खांब: हे मान्य करावं लागेल. जिथे माणूस झोपत नाही तिथे थांबू नये. बाकीचं माझं म्हणणं कायम.

कोडवाली: आणि शेवटच्या वाक्यावर कुणीच बोलत नाही! ‘तुमच्याबरोबर कोड लिहीन’ ही धमकी वाटते. आमच्या मॅनेजरनं पेमेंट रिट्रायचं काम स्वतःकडे घेतलं. दिवसभर मीटिंगा, पुल रिक्वेस्ट अर्धवट, आणि त्यावर आम्हा तिघांचं काम अडलेलं. त्याला ‘द्या इकडे’ म्हणायचं कुणी?

सरळमार्गी: म्हणजे कोडला हातच लावायचा नाही? असा एक साहेब मी भोगलाय. डेटाबेस मायग्रेशनला ‘दोन दिवस पुरेत’ म्हणून वर तारीख देऊन आला, आणि शनिवार-रविवार आमचे गेले.

कोडवाली: मी असं कुठे म्हटलं? वाचावं, बिल्ड चालवून बघावं, ज्यावर कुणाचं काम अडत नाही असे छोटे बग घ्यावेत. पण रिव्ह्यूमधली त्याची कॉमेंट सूचना राहत नाही, हुकूम होते. त्यानं ‘हे वेगळं करता येईल का?’ एवढंच लिहिलं होतं, आणि आमच्या ज्युनिअरनं रात्री बसून चालणारा कोड पुन्हा लिहिला. अप्रूव्हल टीममधल्यांनीच द्यावं.

सरळमार्गी: तुमचा एक मॅनेजर वाईट निघाला म्हणून सगळ्यांना नियम लावू नका.

कोडवाली: आणि तुमचा एक निघाला म्हणून सगळ्यांनी कोड लिहायचा? अप्रूव्हलचं तेवढं सांगा, चूक आहे का?

सरळमार्गी: अप्रूव्हलचं बरोबर आहे. तेवढंच.

नवा_मॅनेजर: ‘काहीही बदलणार नाही’ काढलं, कोडचं वाक्यही. पण जुना मॅनेजर कंपनीच सोडून गेलाय, लेखी नोंद आणू कुठून?

जुना_खांब: त्याच्या वरच्या साहेबाकडे मागच्या रेटिंगच्या नोंदी असतील, त्या मागा. प्रत्येकाला या सहामाहीचं काम एका पानावर लिहायला सांगा, सोबत डिझाइन डॉक्युमेंट आणि तिकिटांच्या लिंका. मग ज्या दुसऱ्या टीमबरोबर ते काम झालं तिथल्या कुणाकडून दोन ओळी घ्या. तोंडी कबूल केलेली बढती असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, आणि ती मिळवून देईन असं म्हणू नका. मांडेन एवढंच म्हणा.

रात्रपाळी: आणि पाळीत किती जण आहेत ते सोमवारच्या आधी बघा.