विषय: गूगल स्कॉलरवर माझ्या नावाखाली दुसऱ्यांचे शोधनिबंध

स्नेहा:
नमस्कार मंडळी. मी इथल्या विद्यापीठात भातावरच्या बुरशीजन्य रोगांवर काम करते आणि सध्या प्राध्यापकपदासाठी अर्ज पाठवतेय. निवड समितीतले लोक उमेदवाराचं नाव गूगल स्कॉलरवर टाकून बघतातच. माझ्या पानावर मात्र दातांच्या रूट कॅनालवरचे आणि काँक्रीटच्या मजबुतीवरचे निबंध आपोआप येऊन बसलेत, सगळे कुठल्या ना कुठल्या S. Patil चे. माझे मोजके निबंध त्यात शोधावे लागतात. शिवाय दुसऱ्याचं काम मी माझं म्हणून दाखवतेय असं कुणाला वाटलं तर? काय करावं?

अरुणकाका:
स्नेहा, हा त्रास मीही भोगलाय. माझ्याच नावाचा कुणीतरी अमेरिकेच्या संशयितांच्या यादीत असावा, तिकडच्या विमानतळावर दर वेळी बाजूला घ्यायचे. अशा तक्रारींसाठी त्यांच्या सरकारची DHS TRIP म्हणून सोय आहे, तिथे अर्ज केला, एक रिड्रेस नंबर मिळाला. तिकीट काढताना तो भरतो, तेव्हापासून सुखाने जातो. तूही लगेच अर्ज कर.

निखिल:
काका, तिचा प्रश्न वेगळा आहे. स्नेहा, सरळ आडनावाचं स्पेलिंग Paatil कर, म्हणजे गर्दीतून बाहेर पडशील. आणि स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन एक साधं पान टाक.

माधुरीताई:
मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निखिल, पानाची कल्पना चांगली आहे. स्पेलिंगला मात्र हात लावू नये. पदवी, पासपोर्ट आणि आधीचे निबंध एका स्पेलिंगने, पुढचे दुसऱ्या, म्हणजे एकाच स्नेहाच्या दोन स्नेहा होतील.

स्नेहा, आधी स्कॉलरवर हे शोधून बघ:

```
author:"s patil"
```

शेती, दंतवैद्यक, सिव्हिल, सगळं एकत्र येईल, कारण छापताना बहुतेकांचं नाव आद्याक्षरापुरतंच उरलेलं असतं. तुझ्या पानावर भर पडते ती यातूनच. पानावरच्या अधिक चिन्हात लेखांच्या अपडेट्सची सेटिंग आहे. तिथे ‘आपोआप जोडा’ काढून ‘आधी मला मेल करून विचारा’ हा पर्याय निवड. हे पहिल्यांदा कर, नाहीतर साफ केलेलं पान पुन्हा भरेल. मग परके निबंध खुणा करून डिलीट कर. ‘मर्ज’ दाबू नकोस, ते एकाच निबंधाच्या दोन नोंदी जोडण्यासाठी असतं.

दुसरं, ORCID म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक काढ. 2012 पासून ही सोय आहे, फुकट आहे, सोळा आकडी क्रमांक मिळतो (शेवटी कधी X असतो). निबंध पाठवताना जर्नलच्या फॉर्ममध्ये तो टाइप न करता ORCID चं लॉगिन वापरून जोड. मग छापून आल्यावर, तू एकदा परवानगी दिलीस की, निबंधांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेकडून ती आपोआप तुझ्या ORCID वर येते. जुने निबंध त्यांचा DOI क्रमांक टाकून स्वतः घालावे लागतील. प्रत्येक नोंदीखाली ती कुणी टाकली ते दिसतं. स्वतः टाकलेल्या नोंदीपेक्षा क्रॉसरेफ किंवा विद्यापीठाकडून आलेली जास्त भरवशाची, कारण ORCID कुणाची ओळख तपासत बसत नाही.

आणि आपल्याकडे मधलं नाव असतं, ते वापर! Sneha Patil ढीगभर असतील, Sneha Ramesh Patil फार कमी. पण एकदा ठरवलंस की मेलपासून निबंधापर्यंत तेच ठेव. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलून निबंधांची साखळी तुटलेल्या कितीतरी मुली माझ्याकडे येतात. ORCID मध्ये ‘इतर नावं’ असा रकाना आहे, त्यात जुनी रूपं लिहून ठेव. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो.

निखिल:
स्पेलिंगचं पटलं. पण ताई, समितीतल्या कुणी नुसतं गूगलवर नाव टाकलं तर ORCID वर दिसेल का?

माधुरीताई:
खात्री नाही. म्हणून बायोडेटाच्या पहिल्या ओळीतच ORCID आणि स्कॉलरच्या लिंक द्याव्यात, शोधायची वेळच येऊ नये. स्कॉलरचं पान सार्वजनिक कर आणि त्यावर विद्यापीठाचा मेल पडताळून घे. त्याशिवाय ते स्कॉलरच्या शोधात येत नाही.

स्नेहा:
ताई, खूप आभार. सेटिंग बदलली, रूट कॅनाल गेले. एक निबंध अडलाय: भाताचाच आहे, लेखकांत S. Patil आहे, पण मी त्यात नव्हते. विषय जवळचा असल्याने समितीला तो माझाच वाटणार, म्हणून काढून टाकला. आता स्कोपसच्या निबंधसूचीत माझ्या नावाची दोन खाती दिसतायत, एकावर पुण्याच्या कॉलेजचा पत्ता, दुसऱ्यावर इथला. ती जोडायची विनंती पाठवली आहे. अर्जाच्या मुदतीआधी झालं नाही, तर दोन्ही लिंक द्याव्यात की इथलीच?

माधुरीताई:
माझ्या मते दोन्ही, एका ओळीच्या खुलाशासह. पण निवड समितीत बसलेलं कुणी इथे असेल तर त्यांचं मत ऐकायला आवडेल.