'अन्वयार्थ' म्हणजे सरळ अर्थ की खोल अर्थ?

पाटीपेन्सिल: अकरावीसाठी सरावपत्रिका करतेय. 'पुढील ओवीचा अन्वयार्थ लिहा' असं मी लिहिलं, सहकाऱ्यांनी ते खोडून 'सरळ अर्थ लिहा' केलं. त्यांचं म्हणणं, अन्वयार्थ म्हणजे विवेचन, 'निवडणूक निकालाचा अन्वयार्थ' म्हणतात तसं. माझ्या मते आधी अन्वय लावायचा आणि त्यातून निघतो तो अन्वयार्थ, भावार्थ त्यानंतर. ओवी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली, १४वी:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

प्रत्येक चरणापुढे एक रिकामी ओळ दिली होती. तिसऱ्या चरणाशी सगळे अडले.

गोदाकाठ: ओवी चुकीची टंकलीत. 'माझा मराठीची बोलू कौतुके' असं आहे. मराठीचं कौतुक बोलू या, असा अर्थ.

खंडान्वयी: मग 'माझा' कोणाचा? 'माझा' म्हटल्यावर पुल्लिंगी एकवचनी नाम शोधायचं, ते 'बोलु' आहे. तुमच्या पाठात 'बोलू' क्रियापद होतं आणि 'माझा' अधांतरी लटकतो. अन्वय लावायला बसलं की अशी चूक लगेच सापडते, नुसतं गुणगुणताना सापडत नाही.

पाटीपेन्सिल, तिसऱ्या चरणाशी अडणारच, कारण त्याला क्रियापद नाही. ते चौथ्यात आहे. चरणाखाली ओळ लिहू द्या, पण पूर्णविराम द्यायला मनाई करा. आधी क्रियापदं शोधायची, इथे दोन आहेत: जिंके, मेळवीन. मग शेवटच्यापासून प्रश्न. मेळवीन, कोण? मी. काय? अक्षरें. कशी? रसिकें. आणखी कशी? ऐसीं, म्हणजे मागे सांगितली तशी. मग 'जिंके', कोण? क्रियापद एकवचनी आहे, अक्षरं असती तर 'जिंकती' आलं असतं. म्हणून कर्ता बोल. कोणाला जिंके? अमृताला.

आता जोडा: माझा बोल मराठीच (आहे), परंतु (तो) अमृतालाही पैजेने जिंकेल, अशी रसाळ अक्षरं (मी) जुळवीन.

पदरचे शब्द कंसात लिहायला लावा. इथे तीन आहेत. कंसात 'गोड', 'थोर', 'अभिमानाने' असलं काही दिसलं, की मूल अर्थ लावायच्या आधीच रसग्रहणात घुसलंय असं समजा.

बोरूबहाद्दर: 'रसिकें' म्हणजे रसिकांनी. 'कौतुकें' म्हणजे कौतुकाने, तसंच. रसिकांना अक्षरं मिळवून देईन.

खंडान्वयी: 'कौतुकें'बद्दल बरोबर, 'रसिकें'बद्दल नाही. शेवट सारखा दिसला तरी काम वेगळं: अक्षरें नपुंसक अनेकवचन, रसिकें त्याचं विशेषण. शिवाय 'मेळवीन'चा कर्ता मी आहे, तिथे दुसऱ्या कोणाला जागा नाही. फसवतात ते आज वापरात असलेले शब्द. 'बीक' दिसलं की मूल कोश उघडतं. 'रसिक' आणि 'मेळवणं' ओळखीचे वाटतात, म्हणून उघडत नाही. रसिक म्हणजे इथे रसाळ, मेळवणं म्हणजे जुळवणं.

पाटीपेन्सिल: आणि 'कौतुकें' कशाशी जोडायचं? 'बोलु'शी की 'जिंके'शी?

खंडान्वयी: 'परि'च्या अलीकडे आहे, म्हणून मी बोलाशी जोडतो: कौतुकाने, लीलेने केलेला बोल.

बोरूबहाद्दर: ओवीत शब्द यमकासाठी सरकतात. कौतुकें, जिंके, रसिकें, कान देऊन ऐका. सहज जिंकतो, असंच आहे ते.

खंडान्वयी: सरकतात, पण 'परि' ओलांडून? मला पटत नाही. सरावपत्रिकेत दोन्ही अन्वय स्वीकारा, मात्र मुलाने एक निवडून तोच शेवटपर्यंत ठेवायला हवा. 'चि' आणि 'परि' ही जोडी मात्र सोडू देऊ नका. 'मराठीच खरा, पण' हा नमतेपणा गद्यात उतरला नाही, तर पुढे भावार्थात नुसता अभिमान उरतो, आणि कवी नमून मग पैज लावतो हे हातून जातं.

गोदाकाठ: आमच्या मुलीच्या प्रश्नपत्रिकेत 'मतितार्थ' असतं. म्हणजे हेच ना?

शुद्धमती: नाही. आणि मतितार्थ नव्हे, मथितार्थ. मथून काढलेला.

गोदाकाठ: सगळे मतितार्थच म्हणतात.

शुद्धमती: सगळे म्हणतात म्हणूनच 'अन्वयार्थ'ची ही दशा झाली. अन्वय म्हणजे पदांचा परस्परसंबंध. वर्तमानपत्रांनी तो शब्द पळवला.

बोरूबहाद्दर: पळवला कसा? घटनांचे संबंध लावून सांगणं हाही अन्वयच की. शब्दांचा लागतो, तसा घटनांचाही लागतो.

खंडान्वयी: हे मान्य. पण सोळा वर्षांच्या मुलाने तो आधी वर्तमानपत्रात वाचलेला असतो, तो विवेचनच लिहील. 'अन्वय लावा' एवढंच छापा, 'अर्थ' नको.

पाटीपेन्सिल: सहकारी म्हणतात 'अन्वय लावा' म्हटलं तर मुलं संस्कृतचा पेपर समजतील.

शुद्धमती: समजू देत. आणि त्यांना विचारा, ते मतितार्थ लिहितात की मथितार्थ.